०.५ च्या जागी १० : झोपेची गोळी बदलतानाचा हिशेब

अल्प्राझोलामची ०.५ मिलिग्रॅमची गोळी कित्येक वर्षे रोज रात्री घेणारा माणूस एक दिवस ठरवतो, की आता ही सोडायची. तो मानसोपचारतज्ज्ञाकडे जातो. डॉक्टर सगळे ऐकून घेतात आणि चिठ्ठीवर लिहितात : डायझेपाम, १० मिलिग्रॅम. घरी आल्यावर मुलगा दोन्ही पाकिटे शेजारी ठेवून वाचतो आणि हादरतो. गोळी सोडायला गेलेल्या बाबांना डॉक्टरांनी वीसपट देऊन पाठवले, असा त्याचा समज होतो. तो कुठल्याही शहाण्या माणसाचा होईल. पण बहुतेक वेळा डॉक्टर बरोबर असतात. हा वीसपटीचा आकडा कुठून येतो, तो किती भरवशाचा आहे आणि तो वापरताना काय चुकते, हे समजून घेतले तर त्या घरातली अर्धी भीती कमी होईल. उरलेली अर्धी राहिलेलीच बरी, कारण हा बदल घरच्या घरी करण्यासारखा नाही.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, नायट्राझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम ही सगळी एकाच कुटुंबातली, बेंझोडायझेपिन गटातली औषधे. मेंदूत गाबा नावाचे एक रसायन चेतापेशींना शांत ठेवण्याचे काम करते. ही औषधे त्या रसायनाचा प्रभाव वाढवतात. म्हणून काळजी ओसरते, झोप लागते, स्नायू सैल पडतात, आकडी थांबते. पण औषध महिनोन् महिने मिळत राहिले की मेंदू त्याला सरावतो आणि स्वतःची शांतवण्याची ताकद त्या मानाने कमी ठेवतो. अशा वेळी औषध एकदम बंद केले तर चेतापेशींना आवरणारे कोणी उरत नाही. झोप उडते, घाम फुटतो, हात थरथरतात, आवाज आणि उजेड सहन होत नाही, आणि काहींना फेफऱ्यासारखे झटके येतात. ते जिवावरही बेतू शकतात. म्हणून ही औषधे थांबवायची तर पायरी पायरीने, हा नियम.

पण प्रत्येक औषधाच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात. अल्प्राझोलामचे उदाहरण घेऊ. रक्तातले औषध निम्म्यावर यायला जेवढा वेळ लागतो त्याला अर्धायुष्य म्हणतात. अल्प्राझोलामचे अर्धायुष्य साधारण ६ ते १२ तासांचे. सकाळी घेतलेल्या गोळीचा जोर दुपारी उतरायला लागतो आणि पुढच्या गोळीची वेळ येईपर्यंत छातीत धडधड सुरू होते. रुग्णाला वाटते, माझा आजार अजून तसाच आहे, गोळी कमी पडते आहे. खरे तर त्यातला बराचसा त्रास आधीच्या गोळीचा अंमल उतरण्याचा असतो. दिवसातून दोन-तीनदा असा चढउतार होत असताना वरून मात्राही कमी करायची म्हणजे रुग्णाच्या सोसण्याची परीक्षाच.

दुसरी अडचण अगदी साधी, गोळीच्या आकाराची आहे. अल्प्राझोलामची आपल्याकडे सर्रास मिळणारी सर्वांत लहान गोळी ०.२५ ची. लोक तिला ‘पॉइंट टू फाइव्ह’ म्हणतात. ती ०.२५ ची गोळी दिवसातून तीनदा घेणाऱ्याने एका वेळची गोळी अर्धी केली तरी दिवसभराच्या मात्रेतला सहावा भाग एका फटक्यात गेला. ही पायरी फार उंच झाली.

डायझेपाम या दोन्ही अडचणींवर उपयोगी पडते. त्याचे स्वतःचे अर्धायुष्य २० ते १०० तास. शरीरात त्याचे रूपांतर होऊन डेसमिथाइलडायझेपाम हा घटक तयार होतो. तोही तितकाच कामाचा आणि आणखी चिवट असतो; त्याचे अर्धायुष्य ३६ पासून २०० तासांपर्यंत जाते. त्यामुळे रक्तातली पातळी दिवसभर जवळजवळ सपाट राहते आणि मात्रा कमी केली तरी उतार सावकाश होतो. शिवाय डायझेपामच्या गोळ्या २, ५ आणि १० मिलिग्रॅमच्या येतात. २ ची गोळी मोडली की १ मिलिग्रॅम. अल्प्राझोलामच्या हिशेबात ही ०.०५ मिलिग्रॅमची पायरी झाली. अल्प्राझोलामची गोळी मोडून एवढा बारीक तुकडा कोणाला करता येणार नाही.

हा हिशेब ज्या तक्त्याने जगभर पोहोचला, तो इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या प्राध्यापक हीदर ॲश्टन यांचा. १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षे त्यांनी फक्त ही औषधे सोडू पाहणाऱ्यांसाठी दवाखाना चालवला. रुग्णांचे म्हणणे गांभीर्याने ऐकणाऱ्या त्या मोजक्या डॉक्टरांपैकी होत्या, आणि त्या अनुभवातून त्यांनी लिहिलेली पुस्तिका आजही डॉक्टर आणि रुग्ण दोघेही वाचतात. तिच्यातल्या तक्त्यात डायझेपाम १० मिलिग्रॅम हे माप धरले आहे. त्याच्या बरोबरीला अल्प्राझोलाम ०.५, क्लोनाझेपाम ०.५, लोराझेपाम १, नायट्राझेपाम १० आणि क्लोरडायझेपॉक्साइड २५ मिलिग्रॅम. म्हणजे मिलिग्रॅम हे फक्त वजन आहे, जोर नाही. अल्प्राझोलामचा एक कण डायझेपामच्या वीस कणांचे काम करतो, एवढाच त्या वीसपटीचा अर्थ.

आता या आकड्यांकडे जरा संशयाने पाहिले पाहिजे, आणि चांगले डॉक्टर तसे पाहतातच. हे आकडे कुठल्या मोठ्या, काटेकोर चाचणीतून निघालेले नाहीत. औषध गाबाच्या ग्राहींना किती घट्ट चिकटते याची प्रयोगशाळेतली मापे, झोप आणण्यासाठी किंवा काळजी कमी करण्यासाठी लागणाऱ्या नेहमीच्या मात्रा, आणि दवाखान्यात हजारदा पाहिलेले अनुभव, यांतून ते ठरत गेले. म्हणून तक्त्यातक्त्यांत फरक आहे. ब्रिटनमध्ये डॉक्टरांच्या हाताशी असलेल्या अधिकृत औषधसूचीत अल्प्राझोलामचा आकडा ॲश्टन यांच्याशी जुळतो. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या काही तक्त्यांत मात्र १० मिलिग्रॅम डायझेपामच्या बरोबरीला १ मिलिग्रॅम अल्प्राझोलाम धरतात. म्हणजे रोज १ मिलिग्रॅम अल्प्राझोलाम घेणाऱ्याला एका तक्त्याप्रमाणे डायझेपाम २० मिळेल आणि दुसऱ्याप्रमाणे १०. दोन्ही तक्ते जाणत्या लोकांनीच केलेले आहेत. माझ्या मते यातून एकच गोष्ट घ्यायची : तक्ता सुरुवात कुठून करायची ते सांगतो, रुग्णाला नेमके किती लागेल ते सांगत नाही. ते पुढचे दोन-चार आठवडे सांगतात.

हे कसे घडते ते एका रुग्णाच्या हिशेबावरून पाहू. रुग्ण काल्पनिक आहे, पण अशी माणसे आपल्याकडच्या कोणत्याही मानसोपचार ओपीडीत भेटतील. पंचेचाळिशीच्या एक शिक्षिका. सात वर्षांपूर्वी घरातल्या एका मृत्यूनंतर झोप उडाली म्हणून अल्प्राझोलाम सुरू झाले, ते राहिले. आता सकाळी ०.२५, दुपारी ०.२५ आणि रात्री ०.५, असे दिवसाला १ मिलिग्रॅम. ॲश्टन यांच्या तक्त्याने याचे डायझेपाम होते २० मिलिग्रॅम.

पण डॉक्टर लगेच आकडा लिहीत नाहीत. ते म्हणतात, “बाई, घरात आहेत तेवढ्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. ॲसिडिटीच्या, पोटाच्या, सगळ्या.” पिशवीत दोन गोष्टी सापडतात. एक, पोटात मुरडा येतो म्हणून दिवसातून दोनदा घेतलेली गोळी. तिच्या पाकिटावर बारीक अक्षरात लिहिले आहे : क्लोरडायझेपॉक्साइड ५ मिलिग्रॅम. बाईंना ती निव्वळ पोटाची गोळी वाटत होती. पण क्लोरडायझेपॉक्साइड त्याच कुटुंबातले, आणि आपल्याकडे ते पोटाच्या मिश्र गोळ्यांत सर्रास असते. दोन गोळ्यांचे मिळून १० मिलिग्रॅम, म्हणजे तक्त्याप्रमाणे ४ मिलिग्रॅम डायझेपाम. खरी बेरीज २० नव्हे, २४ झाली. ही छुपी भर लक्षात आली नसती आणि मध्येच कोणी पोटाची गोळी बंद केली असती, तर बाईंना त्रास झाला असता आणि त्याचे खापर डायझेपामवर फुटले असते. नैराश्यावरच्या काही मिश्र गोळ्यांतही असेच क्लोनाझेपाम असते. तिथे उलटीही काळजी लागते : क्लोनाझेपामच्या जागी डायझेपाम देताना मिश्र गोळीच थांबवली, तर तिच्यातले नैराश्याचे औषधही नकळत बंद पडते. ते वेगळ्या गोळीतून चालू ठेवावे लागते.

पिशवीतली दुसरी गोष्ट ओमेप्राझोल. ॲसिडिटीसाठी रोज सकाळी. यकृतातल्या ज्या दोन मुख्य एन्झाइमांकडून डायझेपामचा निचरा होतो, त्यांतले एक ओमेप्राझोलमुळे मंदावते. त्याचा परिणाम असा, की दिलेली मात्रा तीच राहते, पण शरीरात साचणारे डायझेपाम वाढते. हे एन्झाइम काही माणसांत जन्मतःच मंद असते, आणि भारतीयांत अशांचे प्रमाण युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा जास्त आहे. न्यूकॅसलमधल्या अनुभवावर बेतलेला आकडा आपल्याकडे जसाच्या तसा न वापरण्याचे हे एक ठोस कारण आहे. बाईंच्या डॉक्टरांनी आधी ॲसिडिटीची गोळी बदलून पँटोप्राझोल दिले. त्याचा या एन्झाइमवर फारसा परिणाम होत नाही. मग दोन आठवडे काही केले नाही.

अदलाबदल एका दिवसात करत नाहीत. डायझेपाम रक्तात साचत जाऊन पातळी स्थिर व्हायला एक ते काही आठवडे लागतात. अल्प्राझोलाम मात्र दोन-तीन दिवसांत ओसरते. सगळे एकदम बदलले तर सुरुवातीला कमी पडते आणि नंतर जास्त होते. म्हणून एका वेळेचा डोस घ्यायचा, आणि सुरुवात रात्रीपासून, कारण डायझेपामची गुंगी झोपेच्या वेळी चालते. पहिल्या आठवड्यात रात्रीच्या ०.५ पैकी फक्त ०.२५ काढून तिथे डायझेपाम ५ आले. सकाळ आणि दुपार जशीच्या तशी. दुसऱ्या आठवड्यात रात्रीचे उरलेले ०.२५ गेले आणि रात्रीचे डायझेपाम १० झाले. बाईंना झोप नीट लागली, आणि पहाटे चारला धडधडून जाग यायची ती थांबली.

तिसऱ्या आठवड्यात दुपारचा डोस. तक्ता म्हणत होता ५, डॉक्टरांनी ४ लिहिले, कारण आधीचे डायझेपाम आता साचू लागले होते. त्या आठवड्याच्या शेवटी बाई सांगू लागल्या, की दुपारच्या तासाला डोळे जड होतात आणि जिना उतरताना कठडा धरावासा वाटतो. या तक्रारीत वेळेला फार महत्त्व आहे. डायझेपाम जास्त झाल्याची खूण पहिल्या दिवशी दिसेलच असे नाही. ती बहुधा आठवड्या-दहा दिवसांनी दिसते, आणि तोवर घरचे निर्धास्त झालेले असतात. डॉक्टरांनी चौथ्या आठवड्यात सकाळच्या ०.२५ च्या जागी ५ ऐवजी फक्त २ दिले. एकूण डायझेपाम झाले १६. तक्त्यात होते २०, बाईंच्या शरीराला १६ पुरले. अल्प्राझोलाम संपले. पोटाची गोळी अजून चालूच होती, म्हणून एकूण ओझे १६ अधिक ४, असे २०.

इथे दोन-तीन आठवडे थांबायचे. गुंगी ओसरली, दोन डोसांमधली धडधड बंद झाली, म्हणजे आकडा जमला. तो कमी पडला असता तर चित्र वेगळे दिसले असते : बदल केल्यावर पहिल्या काही दिवसांतच थरथर, घाम, अस्वस्थ फेऱ्या, तुटक झोप. तेव्हा डॉक्टर डायझेपाम थोडे वाढवतात. आणि जास्त झालेले असते तर जीभ जड, चाल डगमगती, विसराळूपणा, दिवसा पेंग. दोन्हींत रुग्ण एकच वाक्य बोलतो : “बरं वाटत नाही.” त्यामुळे त्रास कोणता आणि तो कितव्या दिवशी सुरू झाला, हे घरातल्या कोणीतरी वहीत लिहून ठेवणे या टप्प्यावर फार उपयोगाचे ठरते.

मग खरी उतरण. बाईंच्या बाबतीत पहिला कात्रीचा मान पोटाच्या गोळीला मिळाला. दोनपैकी एक बंद करणे म्हणजे २० मधून २ जाणे, दहा टक्के. दोन-तीन आठवड्यांनी दुसरी. त्यानंतर डायझेपाम १६ वरून दर दोन आठवड्यांनी १ मिलिग्रॅम खाली. १० च्या खाली आल्यावर अर्धा-अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे २ च्या गोळीचा पाव तुकडा, कारण १६ मधून १ जाणे आणि ४ मधून १ जाणे यांत मेंदूच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या व्यसनवैद्यकाच्या संघटनेने इतर संस्थांबरोबर काढलेल्या मार्गदर्शिकेतही सुरुवात दर दोन ते चार आठवड्यांनी पाच ते दहा टक्के कपातीने करावी, असे म्हटले आहे. या गतीने बाईंना सुमारे वर्ष लागेल. मध्ये एखाद्या पायरीवर त्रास झाला तर तिथेच जास्त थांबायचे. सात वर्षे घेतलेल्या औषधाला एक वर्ष हे मला अजिबात जास्त वाटत नाही.

या सगळ्यात सर्वांत धोक्याची चूक आकड्याची नसतेच. ती घरातल्या डब्यात होते. नवी गोळी सुरू होते, जुनी कमी करायची आहे हे लक्षात राहत नाही, आणि दोन्हींचे पूर्ण डोस पोटात जातात. जोडीला दारू किंवा ट्रॅमाडोलसारखे वेदनाशामक असेल तर श्वास मंदावण्यापर्यंत मजल जाते. म्हणून आठवड्याचे वेळापत्रक कागदावर लिहून घ्यावे आणि जुन्या गोळ्यांतल्या त्या आठवड्याला लागतील तेवढ्याच हाताशी ठेवाव्यात. दुसरी चूक ‘गोळीला गोळी’ धरण्याची. अल्प्राझोलामची एक गेली, डायझेपामची एक आली, असे समजून ०.५ च्या जागी कोणी २ ची गोळी घेतली, तर तक्त्याच्या हिशेबाने त्याच्या वाट्याला पाचवा भागच येतो. ते एका रात्रीत औषध तोडण्यासारखेच झाले.

आणि प्रत्येकाने डायझेपामवर जायचे असेही नाही. औषध सोडवण्याच्या उपायांचा जो कोक्रेन आढावा २००६ मध्ये निघाला, त्याला आधी दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधावर बदली करण्याच्या पद्धतीसाठी फारसा पुरावा सापडला नव्हता. हळूहळू कपात करण्याला मात्र आधार होता. म्हणजे क्लोनाझेपाम घेणारा, ज्याचे औषध मुळातच बऱ्यापैकी लांब टिकते, तो त्याच गोळीवरून सावकाश उतरू शकत असेल तर बदलीची यातायात कशाला? बदली कामाची आहे ती दोन डोसांमध्ये तगमग होणाऱ्यांना आणि ज्यांची गोळी हवी तेवढी बारीक मोडत नाही त्यांना. सत्तरीपुढच्या आजी-आजोबांत डायझेपाम साचून पडण्याची, खुब्याचे हाड मोडण्याची भीती असते. यकृताचा आजार असलेल्यांत ते फारच साचते. अशांना बरेचदा लोराझेपामसारखे, यकृतावर तुलनेने कमी विसंबणारे औषधच ठेवून त्यातूनच कमी करतात. आणि क्लोनाझेपाम किंवा क्लोबाझाम आकडीसाठी चालू असेल, तर हा लेख त्या रुग्णासाठी नाही. तिथे मेंदूविकारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय एक तुकडाही हलवायचा नाही.

अल्प्राझोलाम आणि डायझेपाम दोन्ही आपल्याकडे औषध नियमांच्या एच-१ अनुसूचीत आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत, आणि दुकानदाराला रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव नोंदवून ती नोंद तीन वर्षे ठेवावी लागते. तरीही जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे गोळ्या नेणारे असंख्य आहेत. तुमच्या घरात असे कोणी असेल तर आज एकच काम करा. गोळी बंद करू नका, कमीही करू नका. घरातल्या सगळ्या पाकिटांच्या मागची घटकांची नावे आणि मिलिग्रॅम एका कागदावर उतरवा. पोटाची, ॲसिडिटीची, पाठदुखीची, नैराश्याची गोळी, सगळे. कोणती किती वाजता आणि किती वर्षांपासून घेतली जाते तेही लिहा. मद्य घेत असाल तर तेही लपवू नका. तो कागद घेऊन मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. जवळपास कोणी नसेल तर टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे, आणि तिथे मराठीत बोलता येते.